नव्या ब्लॉगसाठी कमी स्पर्धेचे शोधशब्द कसे निवडावेत

सोलापुरी चादरी विकणारे आमचे ग्राहक नवा ब्लॉग सुरू करताना पहिला लेख बहुधा 'सोलापुरी चादर' याच शब्दांवर लिहू इच्छितात. त्या शोधात मोठ्या खरेदी-संकेतस्थळांची आणि विश्वकोशाची पाने आधीपासून उभी असतात, त्यांना शेकडो ठिकाणांहून दुवे मिळालेले असतात, आणि ज्या ब्लॉगला अजून कोणीही दुवा दिलेला नाही त्याचा लेख कितीही चांगला असला तरी तो त्या पानांच्या मागेच राहतो. म्हणून सुरुवात लाँग-टेल कीवर्डपासून करावी, असे आमचे ठाम मत आहे.

लाँग-टेल म्हणजे केवळ लांबलचक शब्दसमूह नव्हे. ज्याचा शोध फार थोडे लोक घेतात, पण ज्यातून विचारणाऱ्याची गरज नेमकी कळते, तो लाँग-टेल कीवर्ड. पाच शब्दांचा एखादा प्रश्नही हजारो लोक विचारत असतील, तर त्यावर स्पर्धा असणारच.

असे शब्द मिळवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे आपल्या दुकानाचा गल्ला. महिनाभर वहीत ग्राहकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावेत. समजा, 'ही चादर मशीनमध्ये धुतली तर चालते का?' हा प्रश्न वारंवार आला. आता ब्राउझरच्या खासगी खिडकीत गूगल उघडून 'सोलापुरी चादर' टाइप करावे, एक जागा सोडून पुढे एकेक अक्षर देत जावे आणि खाली उमटणाऱ्या सूचना उतरवून घ्याव्यात. हेच काम रोमन लिपीत 'solapuri chadar' असे टाइप करून पुन्हा करावे, कारण मराठी माणूस शोधताना अनेकदा इंग्रजी कळफलकच वापरतो आणि दोन्ही लिप्यांतील सूचना सारख्या नसतात.

यानंतर अनेकजण जाहिरातदारांना शोधशब्दांचे आकडे देणाऱ्या गूगलच्या कीवर्ड प्लॅनरकडे वळतात आणि तेथे फसतात. त्यातील 'स्पर्धा' हा रकाना जाहिरातदारांमधील चढाओढ दाखवतो; लेख वर येणे किती अवघड आहे, हे तो सांगत नाही. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला शोधसंख्याही बहुधा 10 ते 100 अशा ढोबळ टप्प्यांतच दिसते. मराठी प्रश्नापुढे आकडा नसला तरी तो प्रश्न कोणी विचारत नाही असे मानू नये.

खरी स्पर्धा पहिल्या पानावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागते, आणि वेळ घालवावा तो येथेच. समजा, आपल्या प्रश्नाच्या पहिल्या दहा निकालांत चार पाने विक्रीची आहेत, तीन व्हिडिओ आहेत, दोन इंग्रजी लेख कुठल्याही सुती कापडाच्या धुलाईबद्दल आहेत आणि एक प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचे दोन ओळींचे उत्तर आहे. म्हणजे चादरीच्या धुलाईबद्दल नेमके लिहिलेले मराठी पान एकही नाही. ही मोकळी जागा आहे. याउलट, दहाही पाने विक्रीची असतील तर शोधणाऱ्याला खरेदीच करायची आहे, असे गूगलने ताडलेले असते आणि तेथे लेख टिकत नाही. शीर्षकांत हे शब्द किती पानांनी वापरले आहेत, हे पुढील शोधाने ढोबळपणे कळते:

```
allintitle: सोलापुरी चादर धुणे
```

यात येणारी एकूण संख्या अंदाजाची असते, त्यामुळे प्रत्यक्ष दिसणारी शीर्षके वाचावीत.

'कशी धुवावी' आणि 'मशीनमध्ये धुता येते का' यांसाठी दोन लेख लिहावेत का, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. दोन्ही शोध करून पाहावेत. पहिल्या पानावरील बहुतेक निकाल तेच असतील तर एकच लेख पुरे. दोन लिहिल्यास आपलीच पाने एकमेकांच्या आड येतात.

मोकळी दिसलेली जागा कधी कधी मागणीच नसल्यामुळेही मोकळी असते. लेख प्रकाशित झाल्यावर, आपली पाने शोधात कशी दिसतात हे दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पानाची नोंद झाल्याची खात्री करावी आणि दोन-तीन महिन्यांनी त्या पानाचे शोधशब्द पाहावेत. पान नोंदलेले असूनही ते शोधात जवळजवळ कधीच दिसले नसेल, तर एक तर मागणी नाही किंवा पान फार मागे आहे. ते सरासरी बाराव्या-पंधराव्या क्रमांकावर दिसत असेल, तर त्याच लेखात कमी पडलेली माहिती, जसे पाण्याचे तापमान, पहिल्या धुलाईत रंग जाणे आणि जाड विणीमुळे वाळायला लागणारा वेळ, भरून घ्यावी. शोधशब्दांच्या त्या यादीत आपण न योजलेला एखादा प्रश्नही आढळतो. त्याचे पहिले पान याच रीतीने तपासावे आणि जागा मोकळी दिसल्यास पुढचा लेख त्यावर लिहावा.