पाय नसलेल्या धावपटूची उंची कशी ठरते? वावेपासून क्रीडा लवादापर्यंत

2012 च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये 200 मीटरच्या अंतिम शर्यतीत ब्राझीलच्या अॅलन ऑलिव्हेराने दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसला मागे टाकलं. शर्यत संपताच पिस्टोरियसने तक्रार केली, की ऑलिव्हेराच्या कृत्रिम पायांची पाती फार लांब आहेत. दोघांनाही गुडघ्याखाली पाय नाहीत. पातं लांब असेल तर ढांगही लांब पडते. म्हणून अशा धावपटूला पात्यांवर जास्तीत जास्त किती उंच उभं राहता येईल, याची मर्यादा नियमात आहे. पाय असते तर तो किती उंच झाला असता, याचा अंदाज बांधून ती ठरवतात. पिस्टोरियसचे पाय अकराव्या महिन्यात कापले गेले होते. त्याची मोठेपणीची उंची कधी कोणी मोजलेलीच नव्हती. मग आधार उरतो तो हातांचा.

ही कल्पना फार जुनी आहे. बुद्धाच्या बत्तीस महापुरुषलक्षणांत 'न्यग्रोधपरिमंडल' हे एक लक्षण सांगितलं आहे: वडासारखा, म्हणजे जितका उंच तितकाच हात पसरल्यावर रुंद. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनेही इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात हेच प्रमाण लिहून ठेवलं. आपल्याकडे दोर ज्या वावेने मोजत आले, ती वाव म्हणजे हाच हातांचा पसारा. पण ही सगळी आदर्श शरीराची मापं. प्रत्यक्षात अनेक माणसांची वाव उंचीपेक्षा काही सेंटिमीटर जास्त भरते, आणि हा फरक प्रत्येक समाजात वेगळा असतो.

खरं वळण 1899 मध्ये आलं. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पियर्सनने फ्रान्समधल्या ल्योंच्या शवांवर रोले या फ्रेंच डॉक्टरने घेतलेली मापं वापरून हाडांवरून उंची काढायची सूत्रं मांडली. साधं गुणोत्तर वापरू नका, हे त्याचं म्हणणं मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याचं कारण पुढच्या काळातल्या एका सूत्रावरून चांगलं कळतं. मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर या अमेरिकी संशोधकांनी दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांची हाडं मोजली. भरतीच्या वेळी नोंदवलेली त्यांची उंची हाताशी होतीच. 1952 मध्ये गोऱ्या पुरुषांसाठी त्यांनी दिलेलं सूत्र असं: कोपरापासून मनगटापर्यंत करंगळीच्या बाजूने जाणारं हाड, म्हणजे अल्ना, गुणिले 3.70, अधिक 74.05. अल्ना 26 सेंमी असेल तर उंची सुमारे 170 येते. आता यावरून 'उंची म्हणजे अल्नाच्या साडेसहा पट' असं धरलं, तर 29 सेंमी अल्नाच्या माणसाची उंची जवळजवळ 190 निघेल. सूत्र मात्र 181 सांगतं. लांब हात असलेला माणूस त्याच प्रमाणात उंच नसतो, तो सरासरीकडे झुकतो.

अंदाज किती चुकू शकतो, तेही त्याच सूत्रासोबत छापलं आहे: अधिक-उणे 4.32 सेंमी. म्हणजे ढोबळमानाने तीनपैकी दोन माणसं या पट्ट्यात बसतात. वीसपैकी एकोणीस बसवायची, तर पट्टा दोन्ही बाजूंना साडेआठ सेंटिमीटरपेक्षाही रुंद करावा लागतो. त्यात मोजणाऱ्याच्या हाताची चूक वेगळी. ब्रिटनमधल्या दवाखान्यांत कुपोषण तपासायला वापरतात त्या तक्त्यात पासष्टच्या आतल्या पुरुषाची अल्ना अर्धा सेंटिमीटर जास्त लिहिली गेली, की उंची साधारण दोन सेंटिमीटरने वाढते. पंजा विरुद्ध खांद्यावर ठेवून कोपराच्या टोकापासून मनगटाच्या उंचवट्याच्या मध्यापर्यंत टेप धरायचा असतो. तो उंचवटा चाचपून न बघता अंदाजाने टेप टेकवला, की एवढी चूक सहज होते. वाव मोजताना अडचण वेगळी. वर्षानुवर्षं कुबड्या किंवा व्हीलचेअर वापरून खांदा आखडलेला असेल, कोपर सरळ होत नसेल, तर वाव कमी भरते आणि उंचीही कमी निघते.

वाद पुन्हा पेटला तो ब्लेक लीपरमुळे. हा अमेरिकी धावपटू जन्मतःच गुडघ्याखाली पाय नसलेला. त्याला धडधाकट खेळाडूंबरोबर 400 मीटर धावायचं होतं. 2018 पासून पॅरा-अॅथलेटिक्समधली उंचीची मर्यादा आणखी कडक झाली होती आणि त्या हिशेबाने त्याची पाती सुमारे 15 सेंमी जास्त उंच ठरत होती. त्याच्या बाजूचा युक्तिवाद असा, की या मर्यादेच्या सूत्रासाठी मोजलेल्या लोकांत कृष्णवर्णीय नव्हते, आणि कृष्णवर्णीयांचे पाय धडाच्या मानाने लांब असतात.

हा मुद्दा वजनदार आहे, पण तो दोन्ही बाजूंनी कापतो. या हिशेबात बसलेली उंची, म्हणजे बसल्यावर डोक्यापर्यंत भरणारी उंचीही धरतात आणि हातांची मापंही. धड आखूड आणि पाय लांब असलेल्या माणसाची उंची बसलेल्या उंचीवरून कमी निघते. अशा माणसाचे हातही लांब असतील, तर हातांवरून मात्र ती जास्त निघते. ट्रॉटर आणि ग्लेसर यांनी कृष्णवर्णीय पुरुषांसाठी वेगळं सूत्र दिलं होतं, अल्ना गुणिले 3.26 अधिक 79.29. त्यात 29 सेंमी अल्नाची उंची 181 नव्हे, 174 च्या आसपास येते. म्हणजे फक्त हाताचं माप धरलं असतं, तर वेगळ्या सूत्राने लीपरची मर्यादा आणखी खाली आली असती.

ऑक्टोबर 2020 मध्ये क्रीडा लवादाने निकाल दिला. पात्यांमुळे फायदा होत नाही हे खेळाडूनेच सिद्ध करावं, ही अट लवादाने रद्द केली. पण लीपरला त्या पात्यांवर धावू देणं मात्र नाकारलं. 15 सेंटिमीटरचा फरक एका हाडाच्या सूत्राच्या चुकीतही मावत नाही. चार-पाच सेंटिमीटरचा असता, तर नुसत्या टेपवरून न्याय करणं कुणालाही जमलं नसतं.