साक्षीदाराची विश्वासार्हता आणि साक्षीदाराची बदनामी : कलम १५५ ची पार्श्वभूमी

वादात समोरच्याचा मुद्दा खोडून काढण्याऐवजी त्याच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हा तर्कशास्त्रात दोष मानला जातो, कारण मुद्दा खरा की खोटा हे तो कोणी मांडला यावर ठरत नाही. न्यायालयातील साक्षीचे मात्र तसे नसते. दारू प्यायलेल्या माणसानेही भूमितीचा सिद्धांत बिनचूक मांडला तर तो बिनचूकच राहतो, पण त्याच माणसाने ‘रात्री अकरा वाजता मी आरोपीला पाहिले’ असे सांगितले, तर त्या विधानामागे त्याची नजर, स्मरण आणि प्रामाणिकपणा यांशिवाय दुसरा आधार नसतो. म्हणून उलटतपासणीत साक्षीदाराविषयी प्रश्न विचारणे गैर नाही. कोणता प्रश्न साक्षीला भिडतो आणि कोणता केवळ माणसाला डागाळतो, हे ठरवणे मात्र कठीण आहे.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी मसुदा केलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने ही रेषा बऱ्याच बारकाईने आखली होती. चारित्र्यावर आघात करून साक्षीदाराची विश्वासार्हता डळमळीत करणारे प्रश्न कलम १४६ ने मान्य केले, पण असा आरोप खरा असला तरी साक्षीच्या खरेपणाविषयी न्यायालयाचे मत त्याने कितपत बदलेल, हा निकष कलम १४८ ने घालून दिला. फार जुनी गोष्ट उकरून काढणारा किंवा साक्षीच्या महत्त्वाच्या मानाने फारच मोठा आरोप करणारा प्रश्न अनुचित ठरतो. कलम १४९ चे दाखले तर वाचण्यासारखे आहेत. साक्षीदार दरोडेखोर आहे अशी माहिती देणाऱ्याने वकिलाला तिची समाधानकारक कारणे दिली असतील, तर तसे विचारायला वाजवी आधार आहे. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही अशा साक्षीदाराला अंदाजाने ‘तू दरोडेखोर आहेस काय?’ असे विचारायला तो नाही.

कलम १५३ मध्येही एक मार्मिक दाखला होता. एक साक्षीदार म्हणतो की अमुक दिवशी त्याने एका माणसाला लाहोरला पाहिले, आणि त्या दिवशी तो स्वतः कलकत्त्यात होता असे सुचवल्यावर तो नाकारतो. तो कलकत्त्यात असल्याचा पुरावा चालतो, कारण त्याने लाहोरची हकीकतच कोसळते. पूर्वी अप्रामाणिकपणाबद्दल नोकरीवरून काढले होते काय, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या साक्षीदाराविरुद्ध मात्र बडतर्फीचा पुरावा आणता येत नाही.

एवढी काळजी घेणाऱ्या याच कायद्यात कलम १५५ (४) होते. त्या कलमाची आधीची पोटकलमे साक्षीदाराला ओळखणाऱ्यांचे त्याच्याविषयीचे मत, लाच किंवा प्रलोभन, आणि आधीच्या जबाबाशी विसंगती यांविषयी होती. चौथे सांगत होते की बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ होती असे दाखवता येईल. लाच घेतलेल्या माणसाला खोटे बोलण्याचे कारण असते. पूर्वी कोणाशी संबंध असलेल्या स्त्रीला त्यामुळे खोटे बोलण्याचे कोणते कारण मिळते, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

याचा परिणाम महाराष्ट्रातच स्पष्ट दिसला. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप झाला. मथुरा प्रकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सत्र न्यायालयाने तिला लैंगिक संबंधांची सवय असल्याचे नमूद केले, तिला खोटारडी ठरवले आणि दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्यतः अंगावर जखमा नसल्याचा आधार घेऊन पुन्हा निर्दोषत्वच कायम केले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तरी कलम १५५ (४) जागच्या जागी राहिले.

१९९० मध्ये महाराष्ट्रातीलच एका पोलीस निरीक्षकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. तक्रारदार स्त्री चारित्र्यहीन असल्याने तिच्या शब्दावर अधिकाऱ्याची कारकीर्द धोक्यात घालणे असुरक्षित आहे, असे उच्च न्यायालयाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले : अशा स्त्रीलाही खासगीपणा आणि संरक्षण यांचा हक्क आहे, आणि तिची साक्ष केवळ तेवढ्यावरून फेकून देता येणार नाही. ते पोटकलम अखेर २००२ च्या दुरुस्तीने वगळले गेले आणि कलम १४६ ला फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्याविषयीचे प्रश्न रोखणारे परंतुक जोडले गेले. पहिल्या जबाबात आणि न्यायालयातील साक्षीत तफावत का, हे तिला आजही विचारता येते, आणि ते योग्यच आहे.

१८७२ च्या कायद्याची जागा घेऊन १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम १५५ चे पहिले पोटकलम टिकून आहे. साक्षीदाराला ओळखणारा कोणीही येऊन ‘हा माणूस विश्वासपात्र नाही’ असे मत देऊ शकतो. त्याला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेल्या सरतपासणीत त्याला त्या मताची कारणे सांगता येत नाहीत, ती उलटतपासणीतच विचारायची असतात, आणि ती विचारण्याची जोखीम विरुद्ध बाजूच्या वकिलाने घ्यायची असते.