ऑडिट क्लीन म्हणजे सगळं आलबेल?

"ऑडिट रिपोर्ट क्लीन आहे, मग हिशेबाला जोडलेल्या नोट्स कशाला वाचायच्या? साहेबांना नफ्याचा आकडा सांगितला की झालं."

नाही होत. क्लीन रिपोर्ट एवढंच सांगतो की हिशेब नियमांप्रमाणे मांडलेत आणि ऑडिटरच्या मते त्यात मोठी चूक नाही. कंपनी तग धरेल याची हमी त्यात नसते. कंपनी चालू राहण्याबद्दलच गंभीर शंका असेल आणि ती नोट्समध्ये नीट मांडली असेल, तर एसए 570 या ऑडिटच्या मानकाप्रमाणे ऑडिटर त्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहितो, अभिप्राय मात्र क्लीनच राहतो!

समजा, एका कंपनीचा नफा 2 कोटी, नक्त मालमत्ता 6 कोटी. नोट्समध्ये 'संभाव्य देणी' या मथळ्याखाली एक ओळ: भगिनी कंपनीच्या कर्जाला दिलेली हमी, 9 कोटी. पैसे भरावे लागण्याची शक्यता कमी वाटते, म्हणून ही रक्कम ताळेबंदात येतच नाही. पण ती शक्यता कमी आहे हे ठरवलं कुणी? आधी व्यवस्थापनाने, ऑडिटर ते फक्त तपासतो.

मॅनेजरसाठी सारांशात 'संभाव्य देणी रु. 9 कोटी' असं लिहून भागत नाही. असं लिहा: "भगिनी कंपनीने कर्ज थकवलं तर बँक आपल्याकडे 9 कोटींपर्यंत मागू शकते. आपली सगळी पुंजी 6 कोटी आहे. भगिनी कंपनीचे हप्ते वेळेवर जातायत का, हे विचारायला हवं." आणि मागच्या वर्षीची हीच नोट शेजारी ठेवून पाहा, तेव्हा हमी 4 कोटींची असेल, तर तेही लिहा.