टांगानिका नावाचा देश: एका गोष्टीची पार्श्वभूमी

गोष्ट सांगलीच्या गावभागातली. २०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांतलं सगळं गेलं, माळ्यावरचं तेवढं वाचलं. त्यात आजोबांचा शाळेतला ॲटलास होता. मुखपृष्ठ आणि सालाचं पान केव्हाच गळालेलं. आठवीतली नात तो चाळताना आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर थबकते: टांगानिका. तिच्या शाळेच्या नकाशात तिथे टांझानिया आहे.

मला नकाशावरून नाहीसा झालेला असा देश हवा होता, जो कुणी जिंकून घेतल्यामुळे गेला नाही आणि तुकडे होऊनही नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर हा मुलूख ब्रिटिशांकडे आला, तेव्हा त्याला टांगानिका नाव मिळालं. ९ डिसेंबर १९६१ ला तो स्वतंत्र झाला. समोरचं झांजिबार बेट १० डिसेंबर १९६३ ला सुटलं, पण महिनाभरातच तिथे रक्तरंजित उठाव होऊन सुलतान पळाला. एप्रिल १९६४ मध्ये टांगानिकाचे ज्युलियस न्येरेरे आणि झांजिबारचे अबेद करूमे यांनी दोन्ही देश एक केले. न्येरेरेंनी दोन्हीकडची माती एकत्र कालवली, ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. टांझानिया हे नाव त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं: पहिल्याचं 'टान', दुसऱ्याचं 'झान'. गोष्टीतल्या आजीला टांगानिका ठाऊक नाही, झांजिबार मात्र पक्कं ठाऊक आहे; तिच्या मसाल्याच्या डब्यातली लवंग तिथली.

माझी फजिती झाली ती ॲटलासचं साल ठरवताना. पहिल्या खर्ड्यात मी आफ्रिकेच्या पानावर टांगानिका स्वतंत्र दाखवला आणि भारताच्या पानावर गोवा पोर्तुगीज. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे ॲटलास बरोबर त्या दहा दिवसांतला! मुलगी हे शोधून काढते, असा शेवटही लिहून टाकला होता.

तो चुकीचा होता. ॲटलासची सगळी पानं एकाच वेळी सुधारली जात नाहीत. आफ्रिकेत तेव्हा दरवर्षी नवे देश होत होते, म्हणून ते पान नव्याने केलेलं, आणि भारताचं जुनंच पुन्हा छापलेलं, असं सहज होतं. पानावर जे सगळ्यात नवं दिसतं ते पुरावा. जे दिसत नाही त्यावर फार विसंबता येत नाही. म्हणून सुधारलेल्या गोष्टीत मुलगी एवढंच म्हणते की आफ्रिकेचं पान डिसेंबर १९६१ नंतरचं आहे. महाराष्ट्र वेगळा दिसतो, म्हणजे भारताचं पान मे १९६० नंतरचं. गोव्यावरून ती काहीच ठरवत नाही. आजोबांना हे पटत नाही. त्यांना दहा दिवसच आवडतात, आणि खरं सांगायचं तर मलाही.

शेवटी टांगानिका तिला शाळेच्या नकाशातही सापडतं: थोडं पश्चिमेला, निळ्या अक्षरांत, लांबच लांब सरोवराच्या अंगावर.