ट्राय-स्टेट आहे, तरी बसवर टक्कर का?

“सगळ्या चिपांना ट्राय-स्टेट बफर आहेत, मग डेटा बसवर टक्कर होणारच नाही ना?”

होते. ट्राय-स्टेट बफर 0 देतो, 1 देतो किंवा बस सोडून देतो, पण त्यासाठी तो फक्त एनेबल पिनचं ऐकतो. शेजारी कोण बोलतंय, हे त्याला कळत नाही. समजा, एकाच सिलेक्ट लाइनवर दोन 74HC245 बफर आहेत, दुसरा इन्व्हर्टरमधून, म्हणजे एक बंद होतो तेव्हा दुसरा चालू. पहिला बस सोडायला 20 नॅनोसेकंद घेतो, दुसरा 15 मध्येच चालू होतो. मधले 5 नॅनोसेकंद एक लाइन 5 व्होल्टकडे ओढतो, दुसरा ग्राउंडकडे. स्कोपवर लाइन अडीच व्होल्टच्या आसपास अडकलेली दिसते, सप्लायवर खळगा पडतो. प्रोग्राम बहुतेकदा चालतो, म्हणूनच दोष लपतो.

उपाय असा: 8085 प्रोसेसरवर, चिप निवडणाऱ्या डिकोडरच्या एनेबलला RD हा रीडचा सिग्नल जोडा. दोन रीडच्या मध्ये RD वर जातो, तेवढ्यात सगळे बस सोडतात.