दोन नाणी मिळून एक दमडी : विधवेच्या दानावरच्या उपदेशाची पार्श्वभूमी

निपाणी-चिकोडी पट्ट्यात विड्या वळणाऱ्या बाईचा हिशेब हजार विड्यांमागे होतो. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापून जे हातात पडतं त्यातली दहाची नोट ती रविवारी चर्चला नेते. चर्चच्या वहीत तिच्या नावापुढे बारा महिने दहा-दहा रुपयेच दिसतात. काही मंडळ्यांत नाताळाच्या आधी वर्गणीची यादी नावानिशी मोठ्याने वाचण्याची पद्धत आहे. नेमकी त्या रविवारी ती येत नाही. अंग मोडून आलंय म्हणून निरोप येतो. सुगीच्या सणालाही तेच, कारण पोती आणि कोंबड्या लिलावाला मांडल्या जातात आणि रिकाम्या हाताने आलेला माणूस सगळ्यांना दिसतो. गरीब सभासदाला दान देताना लाज वाटू लागली आहे का, हे पाहायचं असेल तर वर्गणीचे आकडे बघून फारसं कळत नाही. या दोन दिवशी कोण गैरहजर असतं ते बघावं.

अशा वेळी पाळकसाहेब दरिद्री विधवेची गोष्ट काढतात. ती मार्काच्या 12व्या आणि लूकाच्या 21व्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या मंदिरात येशू दानपेट्यांसमोर बसून लोक काय टाकतात ते पाहतो. श्रीमंत पुष्कळ टाकतात. एक विधवा येते आणि दोन लेप्टा टाकते. लेप्टा हे तिथलं सगळ्यात हलकं तांब्याचं नाणं. रोमन वाचकाला समजावं म्हणून मार्क लगेच सांगतो, दोन लेप्टा म्हणजे एक क्वाड्रान्स. मराठी शास्त्रात तिथे ‘दमडी’ शब्द आला आणि आपल्या बायाबापड्यांना तो पटकन कळला. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं कंजूष माणसाला म्हणायचं आणि इथे तर दमडीच चमडीइतकी मोलाची!

रक्कम नेमकी किती? मजुराची दिवसाची मजुरी साधारण एक दिनार धरली जाई आणि एका दिनाराचे 64 क्वाड्रान्स होत. म्हणजे तिने टाकला तो एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. आज मजुरी चारशे रुपये धरली तर जेमतेम सव्वासहा रुपये. आपल्या बाईची दहाची नोट त्याहून मोठी आहे, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

उपदेशात हमखास येणारी एक गोष्ट मात्र जपून घ्यावी. मंदिरात तुतारीच्या तोंडाच्या पितळी पेट्या होत्या, श्रीमंतांची नाणी खणखण वाजत आणि विधवेची नाणी गुपचूप पडली, असं सांगतात. मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहात तेरा पेट्यांची नोंद आहे आणि त्या शोफार म्हणजे शिंगाच्या आकाराच्या होत्या हेही आहे. प्रत्येक पेटी कशासाठी ते ठरलेलं होतं, आणि त्यातल्या सहा स्वेच्छादानाच्या होत्या. पितळेचा किंवा आवाजाचा उल्लेख तिथे नाही. खणखणाट नंतरच्या उपदेशकांनी घातलेला. त्याच मिश्नेत दुसरी एक नोंद आहे, ती जास्त कामाची : मंदिरात ‘गुप्त’ म्हणवणारी एक खोली होती. देणारे तिथे गुपचूप ठेवत आणि चांगल्या घरातले पण गरिबीत आलेले लोक तिथून गुपचूप घेत. देणारा आणि घेणारा एकमेकांना दिसू नयेत याची सोय त्या काळीच केलेली होती.

लेवीय पुस्तकावरच्या जुन्या यहुदी टीकेतही अशीच एक बाई येते. ती मूठभर पीठ घेऊन अर्पण करायला आली तेव्हा याजक तिला हिणवतो, हिने काय आणलं, यात खायला काय उरणार आणि अर्पायला काय! रात्री त्याला स्वप्नात सांगितलं जातं की तिला तुच्छ लेखू नकोस, तिने जणू आपला प्राणच अर्पण केला आहे. ग्रीक मूळात विधवेबद्दल वापरलेला शब्दही ‘बिओस’, म्हणजे जगणं आणि जगण्याचं साधन दोन्ही.

आता खरी अडचण. मार्कात विधवेच्या आधीच्या तीन ओळींत शास्त्र्यांना फटकारलं आहे, कारण ते विधवांची घरं गिळतात. तिच्यानंतर लगेच येशू म्हणतो, या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. 1982 मध्ये अ‍ॅडिसन राइट या अभ्यासकाने विचारलं की ही स्तुती आहे की विलाप? ज्या मंदिराने तिला जपायचं तेच तिची शेवटची दमडी घेतं, हे येशू दाखवत होता, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, आणि मलाही ही नुसती तक्रार वाटत नाही, कारण ‘हिने सर्वांपेक्षा अधिक टाकलं’ हे शब्द तिथेच आहेत. पण उपदेश 38व्या ओळीपासून न वाचता 41व्यापासून वाचला की तो सहज उलटतो : बघा, तिने सगळं दिलं, तुम्ही का देत नाही? मग त्याच गोष्टीने गरिबाची मान आणखी खाली जाते. नऊ हजारांतले नऊशे गेले की उरतात आठ हजार शंभर. नव्वद हजारांतले नऊ हजार गेले तरी एक्याऐंशी हजार उरतात. दशमांश दोघांचा सारखाच, पण पहिल्या घरात त्यातून किराणा उधारीवर जातो.

बेळगावच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांकडे यावर एक जुना उपाय आहे. 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथे आले. पुढे 1904 मध्ये हे काम मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चकडे गेलं. मेथडिस्टांची वर्गसभा, म्हणजे एका पुढाऱ्याकडे सोपवलेला सभासदांचा लहान गट, हीच मुळात पैशांच्या चर्चेतून निघाली. 15 फेब्रुवारी 1742 रोजी ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. कॅप्टन फॉय म्हणाले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी हरकत घेतली की पुष्कळांना ते परवडणार नाही. मग फॉय म्हणाले, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे लावून द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. त्यांना काही देता आलं तर ठीक, नाही आलं तर त्यांचंही मीच भरीन. वर्गाचा पुढारी घरोघरी जायला लागला तो असा. पेनी गोळा करायला गेलेल्याला घरात काय शिजतं आहे, कोण आजारी आहे हेही दिसू लागलं आणि पैशाच्या खेपेची विचारपुशीची खेप झाली.

सीमाभागात अलीकडे एका लहान मराठी मंडळीत नव्या पाळकांनी तो उतारा 38व्या ओळीपासून वाचला. पुढच्याच आठवड्यात समितीने नावांची यादी वाचणं बंद केलं, आणि ताटाऐवजी तोंड बंद होणारी कापडी पिशवी फिरू लागली. खजिनदारांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, “पाळकसाहेब, नावं वाचली नाहीत तर मोठ्या वर्गणीदारांना काय वाटेल?” पहिल्या तिमाहीत जमा थोडी घटली हे खरं. सुगीच्या सणाला मात्र विड्या वळणारी ती बाई आली. पदराच्या गाठीतून नोट काढून पिशवीत टाकताना तिने आजूबाजूला पाहिलं नाही. लिलाव चालू झाला तेव्हा ती मागच्या बाकावरून उठून पुढे आली आणि शेंगांच्या वाट्यावर पाच रुपयांची बोली लावली.