फॅक्टशीटच्या फोटोतले तीन कोपरे: जोखीम, खर्च आणि एक्झिट लोड यांची पार्श्वभूमी

म्युच्युअल फंडाच्या फॅक्टशीटचा फोटो हल्ली घराघरांत फिरतो. वितरकाने पाठवलेला असतो, नाहीतर बँकेतल्या टेबलावरच्या कागदाचा कुणीतरी घाईत काढलेला असतो. परतावा दाखवणारा तक्ता ठळक असतो आणि बहुतेकांची नजर तिथेच जाते. कामाच्या तीन गोष्टी मात्र कडेला असतात: अर्धवर्तुळावर काटा दाखवणारा रिस्कोमीटर, 'एक्स्पेन्स रेशो' असा एक आकडा आणि बारीक अक्षरांत एक्झिट लोडची दोन-तीन वाक्ये. ही वाक्ये कंपनीने हौसेने छापलेली नाहीत. प्रत्येकामागे सेबीचा एखादा निर्णय आहे आणि त्या निर्णयामागे गुंतवणूकदारांचे झालेले नुकसान आहे. तो इतिहास माहीत असला की मजकूर अवघड राहत नाही.

सुरुवात एक्झिट लोडपासून करू, कारण खर्चाचा आकडा त्याच्याशी जोडलेला आहे. 2009 पर्यंत फंडात शिरतानाच पैसे कापले जात. समभाग योजनांत हा एंट्री लोड साधारण सव्वादोन टक्के असे. म्हणजे 10,000 रुपयांचा चेक दिला, तर 9,775 रुपयांचीच युनिट हाती पडत. उरलेल्या 225 रुपयांतून वितरकाचे कमिशन जाई. दर वेळी नवीन पैसे आले की नवीन कमिशन, त्यामुळे एका योजनेतून काढून दुसरीत घालायला लावण्याचा मोह या रचनेतच होता. सेबीने 1 ऑगस्ट 2009 पासून एंट्री लोड बंद केला.

बाहेर पडताना कापला जाणारा एक्झिट लोड राहिला, पण तो कुणाच्या खिशात जातो हा प्रश्न होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे काढलेल्या रकमेच्या एक टक्क्यापर्यंतचा एक्झिट लोड कंपनीला कमिशन आणि विक्रीच्या खर्चासाठी बाजूला ठेवता येत असे. 1 ऑक्टोबर 2012 पासून तेही थांबले. आता तुमच्याकडून कापलेला एक्झिट लोड योजनेतच जमा होतो, म्हणजे मागे राहिलेल्या युनिटधारकांना मिळतो. हे मला न्याय्य वाटते. कुणी लवकर बाहेर पडले की फंडाला रोखे किंवा शेअर विकावे लागतात आणि त्या विक्रीचा भार राहिलेल्यांवर पडतो. त्याची थोडी भरपाई यातून होते. मात्र त्याच वेळी सेबीने कंपन्यांना खर्चात 0.20 टक्क्यांची जादा मुभा दिली. 2018 मध्ये ती 0.05 टक्क्यांवर आणली. म्हणजे एका दाराने बंद झालेले पैसे काही वर्षे दुसऱ्या दाराने, खर्चाच्या आकड्यातून, जातच होते.

आता त्या बारीक अक्षरांकडे पाहू. समभाग योजनांत पुष्कळदा दिसणारी अट अशी असते: वाटप झाल्याच्या तारखेपासून 12 महिन्यांच्या आत 10 टक्के युनिट लोडशिवाय काढता येतील, त्यापेक्षा जास्त काढल्यास 1 टक्का लोड, 12 महिन्यांनंतर काही नाही. यातला प्रत्येक शब्द हिशेबात उतरतो. समजा, एकरकमी एक लाख रुपये 50 रुपयांच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या त्या दिवशीच्या किमतीने, गुंतवले. मुद्रांक शुल्काची किरकोळ रक्कम बाजूला ठेवली, तर 2,000 युनिट मिळाली. आठ महिन्यांनी एनएव्ही 56 रुपये झाली आणि तुम्ही 1,000 युनिट काढली. वाटप झालेल्या 2,000 चे 10 टक्के म्हणजे 200 युनिट मोकळी. उरलेल्या 800 युनिटांची किंमत 44,800 रुपये, तिचा एक टक्का 448 रुपये. हातात 56,000 ऐवजी 55,552 रुपये येतील. लोड नफ्यावर किंवा मूळ गुंतवणुकीवर लागत नाही, काढण्याच्या दिवशीच्या किमतीवर लागतो. त्यामुळे एनएव्ही 45 पर्यंत पडली असेल आणि तुम्ही तोट्यात बाहेर पडत असाल, तरी त्या 800 युनिटांवर 360 रुपये कापले जातील.

सगळ्यात जास्त गफलत एसआयपीत होते. जानेवारी 2024 मध्ये सुरू केलेली एसआयपी पुढच्या जानेवारीचा हप्ता गेल्यावर सगळीच्या सगळी मोडली, तर 'वर्ष झाले' असे वाटते. पण अटीत 'वाटप झाल्याच्या तारखेपासून' असे आहे आणि प्रत्येक हप्त्याचे वाटप वेगळ्या तारखेला झालेले असते. तेरा हप्त्यांपैकी फक्त पहिल्याला वर्ष पूर्ण झालेले असते. बाकीचे बारा अजून मुदतीत असतात. थोडी युनिट काढली, तर आधी घेतलेली आधी गेली असे धरले जाते, हा त्यातला दिलासा. दुसऱ्या योजनेत 'स्विच' करणे हेही बाहेर पडणेच मानतात, म्हणून अटीत तो शब्द असतो. लिक्विड फंडात तर 20 ऑक्टोबर 2019 पासून दिवसावार लोड आहे: पहिल्या दिवशी 0.0070 टक्के, मग रोज थोडा कमी होत सहाव्या दिवशी 0.0045 आणि सातव्या दिवसापासून शून्य. मोठ्या कंपन्या एक-दोन दिवसांसाठी पैसे ठेवून एकदम काढत, त्याला आळा घालण्यासाठी तो आला. फोटोत एवढी शून्ये पुसट दिसतात आणि 0.0070 चे 0.70 वाचले जाते. लाख रुपयांवर 7 रुपये की 700 रुपये, एवढा तो फरक आहे.

खर्चाचा आकडा त्या मानाने लवकर समजतो. हा खर्च तुमच्याकडून वेगळा मागितला जात नाही. वार्षिक टक्केवारीचा रोजचा वाटा योजनेच्या मालमत्तेतून वजा होतो आणि मगच एनएव्ही जाहीर होते. म्हणून फॅक्टशीटवरच्या परताव्यातून खर्च पुन्हा वजा करायचा नसतो. आकडा 2.06 असा विचित्र का असतो, याचे कारण टप्प्यांत आहे. 1 एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या कमाल मर्यादेत समभाग योजनेच्या पहिल्या 500 कोटींवर 2.25 टक्के, पुढच्या 250 कोटींवर 2 टक्के आणि त्यापुढच्या 1,250 कोटींवर 1.75 टक्के असा उतरता क्रम होता. 1,000 कोटींच्या योजनेला त्या हिशेबाने 11.25, 5 आणि साधारण 4.38 असे एकूण 20.63 कोटी येतात, म्हणजे 2.06 टक्के. योजना फुगली की दर उतरावा, हा त्यामागचा हेतू. व्यवस्थापन शुल्कावरचा जीएसटी या मर्यादेबाहेर होता. डिसेंबर 2025 मध्ये सेबीने मंजूर केलेल्या नव्या रचनेत मूळ खर्च आणि सरकारी कर वेगळे दाखवायचे आहेत. त्यामुळे जुन्या फोटोतला आकडा नव्या फॅक्टशीटमधल्या मूळ खर्चाशेजारी ठेवून 'खर्च उतरला' असे म्हणता येणार नाही.

एक गोष्ट आवर्जून पाहावी. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेला 'डायरेक्ट' प्लॅन द्यावा लागतो. त्यात वितरकाचे कमिशन नसते, म्हणून खर्च कमी असतो. फॅक्टशीटवर दोन्ही आकडे शेजारी असतात, पण फोटो कापताना बहुधा एकच उरतो. वितरकामार्फत गुंतवणूक करणाऱ्याला लागू होणारा आकडा 'रेग्युलर'चा, म्हणजे मोठा असतो. कापलेल्या फोटोत फक्त डायरेक्टचा आकडा असेल, तर तो त्याच्या कामाचा नाही.

राहिला रिस्कोमीटर. जुलै 2013 मध्ये सेबीने योजनांना रंग दिले: निळा म्हणजे कमी जोखीम, पिवळा मध्यम, तपकिरी जास्त. तीन रंगांत सगळा बाजार बसत नव्हता. जुलै 2015 मध्ये पाच पातळ्यांचा काटा आला. पण पातळी योजनेच्या प्रकारावरून ठरे, तिच्यात प्रत्यक्षात काय भरले आहे यावरून नाही. याची किंमत 2018 पासून कळू लागली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तीय कंपनीने हप्ते थकवले, आणि थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत त्या रोख्यांना सर्वोच्च पतमानांकन होते. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना गुंडाळायचे जाहीर केले. त्यांतली एक तर अल्ट्रा शॉर्ट, म्हणजे अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांच्या प्रकारातली होती, जिच्यात लोक पैसे जवळपास सुरक्षित समजून ठेवत.

त्यानंतर, 1 जानेवारी 2021 पासून, आजची पद्धत लागू झाली. 'व्हेरी हाय' ही सहावी पातळी आली आणि काटा दर महिन्याला योजनेतल्या गुंतवणुकीवरून मोजला जाऊ लागला. रोख्यांसाठी पत, व्याजदर आणि तरलता या तिन्हींना गुण मिळतात व त्यांची सरासरी काढतात. तरलतेची जोखीम सरासरीपेक्षा जास्त भरली, तर सरासरी सोडून तीच धरतात. 2020 मध्ये अडचण नेमकी तिथे होती: रोखे हातात होते, पण घेणारा नव्हता.

समभागांच्या बाबतीत मात्र या मोजणीला मोठी मर्यादा आहे. कंपनीच्या आकारासाठी लार्ज कॅप म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या शेअरला 5, मिड कॅप म्हणजे मध्यम कंपन्यांच्या शेअरला 7 आणि स्मॉल कॅप म्हणजे लहान कंपन्यांच्या शेअरला 9 गुण. चढउतारासाठी 5 किंवा 6, आणि सहज विकता येणाऱ्या शेअरला तरलतेसाठी किमान 5. चढउताराचे 6 गुण धरले, तर लार्ज कॅप योजनेची सरासरी 5.33 येते आणि त्याच हिशेबाने स्मॉल कॅपची 6.67. सरासरी 5 च्या वर गेली की 'व्हेरी हाय'. त्याच्यावर पातळीच नाही, म्हणून दोन्ही योजनांचा काटा एकाच ठिकाणी दिसतो. दोन समभाग योजनांच्या फोटोंत काटा सारखा आहे म्हणून जोखीम सारखी, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. तिथे कोणते शेअर किती टक्के आहेत, हेच पाहावे लागते.

कर्जरोखे योजनांत आणखी एक नऊ घरांचा चौकोन असतो, डिसेंबर 2021 पासूनचा, सर्वांत कमी जोखमीच्या ए-वनपासून सर्वांत जास्त जोखमीच्या सी-थ्रीपर्यंत. रिस्कोमीटर आजची जोखीम सांगतो, तर हा चौकोन फंड व्यवस्थापकाला जास्तीत जास्त कुठवर जाण्याची परवानगी आहे ते सांगतो. काटा 'मॉडरेट'वर आणि चौकोन सी-थ्री असेल, तर उद्या काटा वर सरकायला पूर्ण मोकळीक आहे.

डिसेंबर 2024 पासून काट्याच्या पातळ्यांना पुन्हा रंग आले आहेत, हिरव्यापासून लालपर्यंत. फोटोत मधले रंग, विशेषतः कॅरमल आणि गडद नारिंगी, पिवळ्या दिव्याखाली एकसारखे दिसतात. म्हणून रंगावर न जाता काट्याखालचे वाक्य वाचावे. तिथे मुद्दल कोणत्या पातळीच्या जोखमीत आहे ते शब्दांत लिहिलेले असते.

आणि फोटोत आधी 'ॲज ऑन' पुढची तारीख शोधावी. जोखीम दर महिन्याला बदलू शकते. खर्च तर कधीही बदलू शकतो, आणि त्याची अगोदर सूचना देऊन रोजचा आकडा कंपनीला संकेतस्थळावर ठेवावा लागतो. या दोन्हींसाठी सहा महिन्यांपूर्वीचा फोटो निरुपयोगी आहे. एक्झिट लोडचे मात्र उलटे आहे. लोडची अट बदलली, तर नवी अट पुढच्या गुंतवणुकीला लागते. आधी घेतलेल्या युनिटांना ती घेतली त्या दिवशीची अटच लागू राहते. तुम्ही गुंतवणूक केली त्या महिन्याची फॅक्टशीट कितीही जुनी झाली, तरी एवढ्या एका बाबतीत ती जपून ठेवावी.